दहावा नंबर कुणाचा? एका रिपोर्टमधली बरोबरी, ‘इतर’ नावाचा ढीग आणि आम्ही काय बदललं

महिन्याच्या मीटिंगमध्ये आमच्याकडे एक रिपोर्ट उघडला जायचा. सपोर्टकडे आलेली तिकिटं, कारणानुसार मोजलेली, वरची दहा कारणं आणि खाली ‘इतर’. दिसायला अगदी साधा, पण त्याच्यावर एक निर्णय टांगलेला होता. जी कारणं पहिल्या दहात असतील त्यांच्या टीमला पुढच्या महिन्यात दुरुस्तीसाठी इंजिनिअरचे जादा तास मिळायचे, आणि अकराव्याला काहीच नाही. म्हणजे दहा आणि अकरा यांच्यामधली रेघ ही नुसती रिपोर्टमधली रेघ नव्हती.

त्या दिवशी मी स्क्रीनवर रिपोर्ट दाखवत होतो, दहाव्या नंबरवर ‘फोटो अपलोड होत नाही’. शोध म्हणजे सर्च सांभाळणाऱ्या टीमची लीड समोर लॅपटॉप उघडून बसली होती, ती म्हणाली, “अरे, माझ्याकडे दहाव्यावर आम्ही आहोत, बघ.” मी उठून तिच्या मागे जाऊन बघितलं. तोच महिना, तेच फिल्टर, एकूण तिकिटं दोन्हीकडे १३००. तिच्या स्क्रीनवर दहावं कारण ‘शोध चालत नाही’. मी माझ्याकडे रिफ्रेश केलं तर ‘अकाउंट बंद करायचंय’ आलं. तीन वेळा बघितलं, तीन वेगळी उत्तरं, आणि तिघांच्याही पुढे आकडा एकच, ३१.

क्वेरी मीच लिहिलेली होती, त्यामुळे शोधायला फार वेळ लागला नाही.

```sql
SELECT reason, COUNT(*) AS n
FROM tickets
GROUP BY reason
ORDER BY n DESC
LIMIT 10;
```

इथे डेटाबेसला आपण एवढंच सांगतोय की `n` नुसार उतरत्या क्रमाने लाव आणि वरच्या दहा ओळी दे. ज्यांचा `n` सारखा आहे त्यांच्यात कोण आधी, हे कुठेच सांगितलेलं नाही. मग तो मोकळा असतो, त्याला जो क्रम हाताशी येईल तो तो देतो, आणि तो क्रम आज ग्रुपिंग कसं झालं, काम किती प्रोसेसमध्ये वाटलं गेलं, डेटाच्या कुठल्या कॉपीवरून वाचलं अशा गोष्टींवर ठरतो. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये `LIMIT` बद्दल हे स्पष्ट लिहिलंय, मायएसक्यूएलच्याही. यात बग कुणाचाच नाही, प्रश्नच अर्धवट विचारला होता. आणि फसवं हे की महिनोन्‌महिने काही जाणवत नाही, कारण बरोबरी रेघेच्या वर किंवा खाली असली तर फक्त दोन ओळी अदलाबदल होतात, कुणाच्या लक्षात येत नाही. नेमकी रेघेवर बरोबरी आली की एक जण आत आणि एक जण बाहेर.

आता पूर्ण आकडे देतो म्हणजे पुढचं सगळं यावरच बोलता येईल (समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे बदललेत, चित्र तेच आहे). लॉगिन होत नाही २१२, पेमेंट अडकलं १८७, ओटीपी येत नाही १५४, ॲप बंद पडतं १२१, बिलात चूक ९८, पत्ता बदलायचाय ७६, रिफंड उशिरा ६१, नोटिफिकेशन ४७. ही आठ झाली, बेरीज ९५६. मग ३१-३१ वाली तीन. त्याखाली पंधरा छोटी कारणं, २४ पासून २ पर्यंत, सगळी मिळून १७१. शिवाय दोन गट असे की जे खरं तर कारणंच नाहीत. एक म्हणजे फॉर्ममध्येच ‘इतर’ असा पर्याय होता, तो निवडलेली ६४ तिकिटं, जी माझ्या क्वेरीत एका कारणासारखीच मोजली जायची आणि म्हणून ३१ वाल्या तिघांना दहावी ही एकच जागा उरायची, आणि दुसरा म्हणजे कारणाचा रकाना रिकामाच ठेवलेली १६.

पहिला उपाय मी तिथल्या तिथे केला, जो कुणीही करेल तो, क्वेरीत `ORDER BY n DESC, reason` लिहिलं. आता कितीही वेळा रिफ्रेश करा, दहावं कायम ‘अकाउंट बंद करायचंय’. मला वाटलं झालं काम.

ती लीड दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, “म्हणजे आता आमचं नाव ‘श’ वरून सुरू होतं म्हणून आम्ही बाहेर?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण ती अगदी बरोबर बोलत होती. आधी निदान कधी हा कधी तो येत होता, आता मी तो पक्षपात पक्का करून टाकला होता. दर बरोबरीत ‘अ’ जिंकणार आणि ‘श’ हरणार, कायमचं. नावाऐवजी आयडी घेतला तरी तेच, जे कारण सिस्टीममध्ये आधी नोंदलं गेलं ते नेहमी जिंकणार. निकाल दर वेळी सारखा येणं आणि निकाल न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी पहिली साधली की लोक थांबतात.

मग बसून विचार केल्यावर लक्षात आलं की आपण एका `ORDER BY` कडून दोन कामं करून घेतोय. एक काम म्हणजे यादीत कोण येणार हे ठरवणं, आणि दुसरं म्हणजे आलेल्यांपैकी कोण वर दिसणार. दुसऱ्या कामाला नाव चालतं, आयडी चालतो, काहीही ठरलेलं चालतं, कारण बरोबरीतल्या तीन ओळींपैकी कोण वर छापली याने कुणाचे तास जात नाहीत. पहिल्या कामाला मात्र ज्या मापावर स्पर्धा आहे त्याशिवाय काही चालत नाही. ३१ आणि ३१ मध्ये फरकच नसेल तर एकाला आत आणि एकाला बाहेर करायचा आपल्याला हक्क नाही. म्हणून नियम असा ठरला की रेघेवर बरोबरी असेल तर सगळे आत नाहीतर सगळे बाहेर.

कुणी म्हणेल मग दुसरं एखादं माप लावा ना, उदाहरणार्थ तिकीट सुटायला लागलेला वेळ, ज्याचा जास्त तो वर. चालतं, पण ते माप आधीपासून जाहीर हवं आणि त्याला स्वतःचा अर्थ हवा. बरोबरी दिसल्यावर माप शोधायला बसलो तर ज्याला जो हवा तो निकाल येईल असं माप सापडतंच. आमच्याकडे असं ठरलेलं काही नव्हतं म्हणून आम्ही ते टाळलं.

‘सगळे आत’ साठी तयार सोय बऱ्याच ठिकाणी आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये `TOP (10) WITH TIES` पूर्वीपासून आहे, पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, `FETCH FIRST 10 ROWS WITH TIES` आलंय, पांडाजमध्ये `nlargest` ला `keep='all'` देता येतं (तिथे न सांगता मिळतं ते `'first'`, म्हणजे जी ओळ आधी आली ती, परत तोच घोळ). पण मला यात एक भीती होती. तोच रिपोर्ट आम्ही आठवड्याचाही काढायचो, आणि आठवड्याच्या एखाद्या छोट्या विभागात आकडे इतके कमी की सहा कारणं नीट वेगळी, मग २-२ तिकिटांची दोन, आणि मग १-१ तिकिटाची अकरा. आठ जागा भरल्या, दोन उरल्या, त्या दोनसाठी अकरा जण बरोबरीत. `WITH TIES` लावलं तर ‘पहिले दहा’ मध्ये एकोणीस ओळी येतील, आणि त्यातल्या अकरा ओळी एकेका तिकिटाच्या, ज्यातून कुणाला काही कळत नाही. अशा वेळी त्या अकराही बाहेर ठेवून आठच ओळी दाखवणं जास्त बरोबर. यादी आठची निघाली तर निघाली.

म्हणजे वरची मर्यादा हवी. आम्ही १३ घेतली, त्याला फार मोठं शास्त्र नाही, स्लाइडवर तेवढ्या ओळी वाचता येतात म्हणून. क्वेरी अशी झाली:

```sql
WITH c AS (
  SELECT reason_id, COUNT(*) AS n
  FROM tickets
  WHERE reason_id IS NOT NULL
    AND reason_id <> 99
  GROUP BY reason_id
), r AS (
  SELECT reason_id, n,
    RANK()   OVER (ORDER BY n DESC) AS rnk,
    COUNT(*) OVER (ORDER BY n DESC) AS upto
  FROM c
)
SELECT * FROM r
WHERE rnk <= 10 AND upto <= 13
ORDER BY n DESC, reason_id;
```

यात `upto` ही गंमत नीट बघण्यासारखी आहे. विंडोमध्ये `ORDER BY` दिलं आणि पुढे काही सांगितलं नाही की मोजणी चालू ओळीपर्यंत होते, पण बरोबरीतल्या सगळ्या ओळी धरून. त्यामुळे `upto` म्हणजे ‘माझ्याएवढी किंवा माझ्याहून जास्त तिकिटं असलेली एकूण किती कारणं’. ३१ वाल्या तिघांनाही `rnk` ९ आणि `upto` ११ मिळतो, तिघंही आत. आठवड्याच्या त्या विभागात १ तिकिटवाल्या अकराही जणांना `rnk` ९ पण `upto` १९, अकराही बाहेर. बरोबरीतल्या सगळ्यांना दोन्ही आकडे सारखेच मिळतात म्हणून गट कधी फुटूच शकत नाही, आणि मला हेच हवं होतं, की नियम पाळायला कुणी लक्ष ठेवावं लागू नये. फक्त इथे `ROWS BETWEEN` लिहिलं तर सगळं मोडतं कारण मग बरोबरीतल्या ओळीही एकेक करून मोजल्या जातात.

सगळ्याच कारणांचं एकेक तिकीट असेल आणि कारणं वीस असतील तर ही क्वेरी शून्य ओळी देते. ते बरोबरच आहे, त्या डेटात क्रमवारी नाहीच, आणि आम्ही तिथे तसं वाक्य छापतो.

`RANK` का आणि `DENSE_RANK` का नाही हेही सांगतो, कारण आमच्या एका सहकाऱ्याने आधी तेच लिहिलं होतं. `DENSE_RANK` बरोबरीनंतर नंबर सोडत नाही, त्यामुळे ३१ वाले तिघं नवव्या नंबरवर आणि त्यांच्यानंतरचा २४ वाला थेट दहावा, म्हणजे तोही यादीत. पण त्याच्या पुढे अकरा जण आहेत, तो बारावाच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ ला उंच उडीत दोघांना सुवर्ण मिळालं तेव्हा रौप्य कुणालाच दिलं नाही, पुढच्याला कांस्य मिळालं. पुढे किती जण आहेत त्यावर नंबर ठरतो, पुढे किती वेगवेगळे आकडे आहेत त्यावर नाही.

राहिला तासांचा प्रश्न, कारण यादीत अकरा आले तरी तास दहांचेच होते. नवव्याला १२ तास आणि दहाव्याला १० तास ठरलेले. इथे आम्ही गोल्फमध्ये बक्षिसाच्या रकमेचं जे करतात ते केलं, बरोबरीतल्यांनी मिळून ज्या जागा अडवल्यात त्यांचं एकत्र करायचं आणि सारखं वाटायचं. नववी, दहावी, अकरावी या जागांचे १२ अधिक १० अधिक ०, म्हणजे २२ तास, तिघांत भागून प्रत्येकी ७ तास २० मिनिटं. कुणी खूश नव्हतं पण कुणी भांडलंही नाही, कारण हिशेब सगळ्यांसमोर होता.

आता ‘इतर’. खरं सांगायचं तर बरोबरीपेक्षा या ढिगाने जास्त नुकसान केलं होतं आणि ते आम्हाला बरोबरीच्या निमित्ताने दिसलं.

वरच्या नव्या क्वेरीत `reason_id <> 99` आहे, ९९ म्हणजे फॉर्ममधलं ‘इतर’. जुन्या क्वेरीत ते गाळलेलं नव्हतं, त्यामुळे ६४ तिकिटांसकट ‘इतर’ सातव्या नंबरवर बसलेलं असायचं, एका खऱ्या कारणाची जागा अडवून. मग दहा ओळींच्या बाहेर जे उरलं, म्हणजे बरोबरीतले दोन हरलेले ६२, छोटी पंधरा १७१ आणि रिकामी १६, अशी २४९ तिकिटं रिपोर्ट स्वतः गोळा करून त्यालाही ‘इतर’ नाव द्यायचा. एकाच रिपोर्टमध्ये दोन ‘इतर’, दोन्हींचा अर्थ वेगळा. आणि चार्ट काढताना परत एकदा नावावर ग्रुप व्हायचं, तेव्हा ते दोन्ही एकत्र होऊन ३१३ ची पट्टी बनायची, लॉगिनच्या २१२ पेक्षाही मोठी. चार्ट उतरत्या क्रमाने लावलेला, त्यामुळे सगळ्यात वर, ठळक, ‘इतर’. कित्येक महिने लोक विचारत होते की ‘इतर’ एवढं का वाढलंय आणि आम्ही उत्तर देत होतो की फॉर्म नीट भरत नाहीत.

वेगळं केल्यावर चित्र असं आलं. अकरा कारणं मिळून १०४९, बाकीची पंधरा कारणं मिळून १७१, आणि ‘कारण नोंदवलेलं नाही’ ८०, यात फॉर्मचं ‘इतर’ ६४ आणि रिकामे १६. बेरीज १३००. यातला ८० चा गट वेगळा ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण १७१ म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या पण छोट्या गोष्टी आहेत आणि ८० म्हणजे आपल्याला माहीतच नसलेल्या. त्या ८० पैकी कितीतरी तिकिटं लॉगिनची असू शकतात. दोन्ही एका ढिगात टाकले की कुठला प्रश्न सोडवायचा तेच कळत नाही, एकावर उपाय म्हणजे छोट्या कारणांकडे बघणं आणि दुसऱ्यावर उपाय म्हणजे फॉर्म सुधारणं.

‘इतर’ ला आता नंबर देत नाही, तो स्पर्धक नाहीच. कितीही मोठा झाला तरी शेवटी, राखाडी रंगात, आणि नाव नुसतं ‘इतर’ नाही तर ‘बाकीची १५ कारणं’, शेजारी लिहिलेलं की त्यातलं सगळ्यात मोठं २४. हा २४ चा आकडा लिहिल्यापासून निम्मे प्रश्न बंद झाले, कारण वाचणाऱ्याला लगेच दिसतं की या ढिगात काही मोठं लपलेलं नाही. तपासणीही त्यातूनच मिळाली, ढिगातलं सगळ्यात मोठं हे यादीतल्या सगळ्यात छोट्यापेक्षा कमीच असलं पाहिजे, सारखंही असता कामा नये. सारखं आलं म्हणजे कुठेतरी बरोबरी कापली गेली. जुन्या रिपोर्टला ही तपासणी लावली तर तो ३१ विरुद्ध ३१ वर तिथेच नापास होतो.

रिपोर्टमध्ये दुसरा रकाना होता, तिकीट सुटायला लागलेला सरासरी वेळ. ‘इतर’ च्या ओळीत तो सरासऱ्यांची सरासरी काढून भरलेला होता. दोनच कारणं घेऊन बघा, एकाची २४ तिकिटं आणि सरासरी १० तास, दुसऱ्याची २ तिकिटं आणि सरासरी ६२ तास. सरासऱ्यांची सरासरी ३६. खरा हिशेब २४० अधिक १२४, म्हणजे ३६४ तास भागिले २६ तिकिटं, १४ तास. कुठे ३६ आणि कुठे १४. ढिगाची बेरीज करता येते पण सरासरी, आणि ‘किती वेगवेगळ्या लोकांनी तक्रार केली’ असली मोजणी, मूळ तिकिटांवरूनच परत काढावी लागते, एकाच माणसाची तीन छोट्या कारणांत तीन तिकिटं असतील तर तो ढिगात एकदाच धरायचा.

बरोबरी खरी की खोटी हेही एकदा बघून घ्यायला लागलं. आमच्या दुसऱ्या एका रिपोर्टमध्ये आधी टक्के काढून पूर्णांकात आणायचे आणि मग क्रम लावायचा. १३०० मध्ये ३१ म्हणजे २.३८ टक्के, २४ म्हणजे १.८५, २२ म्हणजे १.६९, आणि पूर्णांकात तिन्ही २ टक्के. नसलेली बरोबरी तयार झाली. उलटंही होतं, तासांची दशांशात बेरीज केली की ०.१ अधिक ०.२ चं `0.30000000000000004` येतं आणि असलेली बरोबरी हरवते. म्हणून क्रम कायम कच्च्या पूर्णांकावर, तिकिटं किंवा सेकंद, आणि गोल करायचं ते फक्त छापताना.

एवढं झाल्यावर महिन्यागणिक तुलनेचा चार्ट राहिला होता, आणि तिथे ‘इतर’ पुन्हा आडवा आला. प्रत्येक महिन्याची यादी त्या त्या महिन्याच्या आकड्यांवर ठरली की ढिगात काय आहे ते दर महिन्याला बदलतं. भाषेबद्दलचं कारण मागच्या महिन्यात ३५ तिकिटांसह यादीत होतं, या महिन्यात २४ वर आलं आणि ढिगात गेलं. भाषेच्या तक्रारी ११ ने कमी झाल्या आणि त्यामुळेच ‘बाकीची कारणं’ ची रेघ २४ ने वर गेली. बघणारा म्हणणार छोट्या तक्रारी वाढल्या. म्हणून तुलनेच्या चार्टसाठी आम्ही यादी महिन्यावर ठरवत नाही, पूर्ण तिमाहीची बेरीज करून एकदाच ठरवतो आणि तिन्ही महिने तीच ठेवतो, रंगसुद्धा तेच. तासांचं वाटप मात्र त्या महिन्याच्या क्रमवारीवरच. दोन्हींना एकच यादी वापरायचा मोह होतो, पण तुलनेला स्थिर यादी लागते आणि वाटपाला ताजी. आणि वाटपाची यादी एक तारखेच्या सकाळी गोठवून ठेवतो, कारण नंतर सपोर्टवाले जुन्या तिकिटांची कारणं दुरुस्त करत राहतात आणि ३१ चे ३० होतात.

हे सगळं घेऊन मी शोधवाल्या टीमच्या लीडकडे गेलो, म्हटलं बघ, आता तुम्ही नवव्या नंबरवर, बरोबरीत. तिने यादी वाचली, मग खालच्या पंधराची यादी मागितली जी याआधी कुणी मागितलीच नव्हती. तिथे ‘शोधात चुकीचं येतं’ १९ आणि ‘शोध हळू चालतो’ १७. तिने पेनाने तिन्ही जोडले, ३१, १९, १७. बेरीज ६७. रिफंडच्या ६१ पेक्षा जास्त, म्हणजे सातवा नंबर.

इतके दिवस आम्ही ३१ विरुद्ध ३१ वर डोकं लावत होतो आणि तिच्या टीमचा खरा तोटा तिथे नव्हताच. तिच्या टीमने नीट काम करायला म्हणून एका तक्रारीचे तीन प्रकार केले होते, आणि त्या नीटपणाची शिक्षा म्हणून दोन तुकडे ढिगात गेले. ‘लॉगिन होत नाही’ चे कुणी तुकडे केलेच नव्हते म्हणून ते २१२ वर दिमाखात उभं. छोटे गट ‘इतर’ मध्ये टाकायचे असा नियम असला की जो बारीक वर्गवारी करतो तो हरतो, आणि हे कळलं की लोक वर्गवारी करणं सोडतात किंवा मुद्दाम मोठे गट करतात. बरोबरी कितीही चोख सोडवली तरी हे त्यातून सुटत नाही, कारण हे मोजणीच्या आधीच ठरलेलं असतं.

म्हणून आता कारणांना दोन पातळ्या आहेत, वर विषय आणि खाली प्रकार. क्रमवारी फक्त विषयांची, प्रकार आत उघडून बघायला. कुठला प्रकार कुठल्या विषयात हे तिमाहीच्या सुरुवातीला, त्या तिमाहीचे आकडे यायच्या आधी ठरतं आणि मध्ये बदलत नाही. नाहीतर प्रत्येक जण आपली बेरीज रेघेच्या वर जाईल असं जोडायला बघणार. त्याच महिन्याच्या आकड्यांवर ही जोडणी करून पाहिली (त्या महिन्यात आणखी कुणाचे तुकडे नव्हते) तर शोध ६७ सह सातवा, रिफंड आठवा, नोटिफिकेशन नववं, आणि दहाव्या जागेवर ‘फोटो अपलोड’ आणि ‘अकाउंट बंद’ ३१-३१ बरोबरीत. ओळी पुन्हा अकराच, बाकीची कारणं पंधराऐवजी तेरा, त्यांची १३५ तिकिटं.

नियम लावून झाल्यावर आम्ही दोन चाचण्या रोज रात्री चालतील अशा ठेवल्यात. एक, तिकिटांच्या ओळी उलट्यापालट्या करून तीच क्वेरी वीस वेळा चालवायची, वीसही वेळा उत्तर अक्षरशः तेच यायला हवं. दुसरी मला जास्त आवडते. सगळ्या कारणांचे आयडी आपसात फिरवायचे, ‘शोध’ ला ‘अकाउंट’ चा, ‘अकाउंट’ ला ‘लॉगिन’ चा असे, क्वेरी चालवायची आणि मग मूळ आयडी परत लावून बघायचं की आत आलेली कारणं तीच आहेत का. पहिली चाचणी नावाने क्रम लावणारी माझी पहिली दुरुस्तीही पास झाली असती. दुसरीत आयडीऐवजी नावं फिरवली की ती दुरुस्ती लगेच पडते, कारण नाव बदललं की तिचा दहावा बदलतो.

‘फोटो अपलोड’ आणि ‘अकाउंट बंद’ यांच्यात दहाव्या जागेचे १० तास विभागून प्रत्येकी ५ झाले असते. फोटोवाल्या टीमचं म्हणणं आहे की ५ तासांत काही सुटत नाही, त्यापेक्षा एका महिन्यात एकाला १० आणि पुढच्यात दुसऱ्याला द्या. त्याला हरकत नाही, दोघांनी ते आधी मान्य केलं आणि कुणाची पाळी कधी हे यादीसोबत लिहून ठेवलं तर. यादीत मात्र दोघंही १० नंबरवरच छापले जातील.